एक जूनचा वाढदिवस आणि अडकलेला पीएफ

पीएफचा क्लेम नाकारला गेला, की पडद्यावर कारणाची एक तुटक इंग्रजी ओळ उमटते. नावात तफावत. जन्मतारखेत तफावत. नोकरी सोडल्याची तारीख नोंदलेली नाही. पैसे सदस्याचेच आहेत, याबद्दल कुणाला शंका नसते. पगारातून दरमहा कापलेली रक्कम पासबुकात व्याजासकट दिसत असते. तरीही ती बँकेत उतरत नाही. पुण्यात गोळीबार मैदानाजवळच्या, ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या किंवा वांद्र्याच्या भविष्य निधी भवनातल्या चौकशी खिडकीपुढे प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन उभ्या असलेल्या बऱ्याच माणसांची अडचण नावाच्या स्पेलिंगची किंवा तारखेतल्या एका आकड्याची असते.

ही वेळ बहुधा पहिल्यांदा पैसे काढतानाच येते. नोकरीत असताना पीएफच्या नोंदी उघडून पाहणारे थोडे. रुजू होण्याच्या दिवशी कंपनीचा किंवा ठेकेदाराचा कारकून जे नाव आणि जी तारीख टाइप करतो, ती वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या 12 टक्के रक्कम कामगाराची, तेवढीच मालकाची, आणि मालकाच्या वाट्यातला 8.33 टक्क्यांचा तुकडा ठरावीक पगारमर्यादेत पेन्शन योजनेकडे, असा भरणा चालू राहतो. नोंद चुकलेली असली तरी आत येणाऱ्या पैशाला तिचा फारसा अडथळा होत नाही. बाहेर जाणाऱ्या पैशाला मात्र होतो.

कायदा 1952 चा. त्यातली अनेक दशकं ओळख पटवण्याचं काम मालकाकडे होतं. कामगार कागदी फॉर्म 19 भरायचा, मालक सही-शिक्का मारायचा आणि कार्यालयातला कारकून जुन्या कागदाशी ताडून पाहायचा. मालकाने सही अडवली, की पैसे अडकले. 2014 मध्ये प्रत्येक सदस्याला 12 अंकी यूएएन मिळू लागला आणि नोकरी बदलली तरी टिकणारा एक क्रमांक हाती आला. त्यानंतर आधार, पॅन आणि बँक खातं त्या क्रमांकाला जोडण्याची सोय झाली. 2017 पासून आधार जोडलेल्या सदस्याला मालकाच्या सहीशिवाय अर्ज करता येऊ लागला.

मालकाची सही गेली, पण तिच्या जागी चार साक्षीदार आले: आधार, पॅन, बँक आणि मालकाने पूर्वीच भरून ठेवलेली नोकरीची नोंद. या चौघांची जबानी संगणक एकमेकांशी ताडून पाहतो. चौघांनी एकच नाव आणि एकच जन्मतारीख सांगितली, तर अर्ज काही दिवसांत निघतो. एकाने जरी वेगळं सांगितलं, तरी खरं कोण बोलतंय हे संगणक ठरवत नाही. तो अर्ज परत करतो.

कोणता कागद कशाला चालतो

सर्वसाधारण समज असा, की आधार कार्ड हा सगळ्यात वजनदार कागद आणि तो असला की बाकी काही लागत नाही. पीएफच्या बाबतीत हे निम्मं खरं आहे. माणूस तोच आहे का, हे दाखवायला आधार लागतंच. अर्जावरची सही म्हणजे आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी. नवा यूएएन काढताना आणि तो सुरू करताना तर 2025 पासून उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवून आधारची खातरजमा होते. पण माणूस जन्मला कधी, हे सांगायला तेच आधार चालत नाही.

आधार देणाऱ्या प्राधिकरणाने स्वतःच हे स्पष्ट केलं होतं: आधार ओळख पटवतं, जन्मतारीख सिद्ध करत नाही. त्याला धरून भविष्य निर्वाह निधी संघटनेने जानेवारी 2024 मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधारचं नाव काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर 2024 मध्ये अपघात भरपाईच्या एका खटल्यात वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख ग्राह्य धरली.

मग जन्मतारखेसाठी काय चालतं? जन्म-मृत्यू निबंधकाने दिलेला जन्माचा दाखला. मान्यताप्राप्त बोर्डाची किंवा विद्यापीठाची गुणपत्रिका. नाव आणि जन्मतारीख असलेला शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. पासपोर्ट. पॅन कार्ड. सरकारी नोकरीतली सेवा नोंद, पेन्शनचा आदेश, सरकारने दिलेला अधिवास दाखला. यांतलं काहीच नसेल, तर सदस्याची तपासणी करून सिव्हिल सर्जनने दिलेलं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि सोबत न्यायालयात केलेलं प्रतिज्ञापत्र.

पॅनचं काम मुख्यतः करापुरतं. नोकरीची सलग 5 वर्षं भरलेली नसताना 50 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम काढली, तर उगमकर कापला जातो. पॅन जोडलेलं असेल तर 10 टक्के. नसेल तर, एप्रिल 2023 पासून, 20 टक्के. त्याआधी पॅन नसणाऱ्याची कपात 34 टक्क्यांच्याही वर जात असे. म्हणजे पॅन न जोडल्याने कमी पगाराच्या माणसाला सर्वात श्रीमंत करदात्याच्या दराने कात्री लागायची. एकूण उत्पन्न करपात्र नसेल, तर तसं जाहीर करणारा फॉर्म भरून कपात टाळता येते, पण त्या फॉर्मलाही पॅन हवंच.

बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला चेक हा खातं सदस्याचंच असल्याचा पुरावा. क्लेम नाकारले जाण्याचं हे वर्षानुवर्षांचं मोठं कारण होतं: मोबाइलवर काढलेला फोटो धूसर, चेकवर नाव छापलेलं नाही, पासबुकावर बँकेचा शिक्का नाही. एप्रिल 2025 मध्ये ही प्रत चढवण्याची अटच काढून टाकली. आता बँकेकडून खातेदाराचं नाव थेट पडताळलं जातं. त्याच वेळी खातं जोडताना लागणारी मालकाची मंजुरीही गेली. या बदलाचं समर्थन करताना सरकारने दिलेली आकडेवारी बोलकी होती: खात्याची पडताळणी करायला बँकेला सरासरी 3 दिवस लागत, आणि त्यानंतर मालकाच्या मंजुरीला सुमारे 13.

रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना हे कागद निरुपयोगी नाहीत, पण त्यांची जागा मर्यादित आहे. नावातली किंवा वडिलांच्या नावातली चूक सुधारताना आधाराच्या जोडीला ते चालतात. क्लेम करताना त्यांना कुणी विचारत नाही.

गुरुजींनी दिलेली तारीख

महाराष्ट्रात 1 जूनला वाढदिवस असणाऱ्यांची संख्या निसर्गनियमाला धरून नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मुलाला घेऊन आलेल्या आईबापांना तारीख सांगता यायची नाही, आणि गुरुजी प्रवेशाच्या वयात बसेल असं वर्ष धरून 1 जून लिहून टाकायचे. हीच तारीख पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि तिथून पॅनवर गेली. आधारची नोंदणी गावोगाव झाली तेव्हा मात्र अनेकांनी दाखला सोबत नेलाच नव्हता. सांगितलेल्या वयावरून फक्त वर्ष नोंदलं गेलं आणि पुढे त्याला 1 जानेवारी चिकटली. ग्रामपंचायतीच्या जन्म नोंदवहीत आणखी तिसरीच, कदाचित खरी, तारीख असते. व्यवहारात या तिन्ही तारखा एकाच माणसाच्या म्हणून खपून जातात. पीएफच्या संगणकापुढे त्या तीन वेगळ्या माणसांच्या ठरतात.

नावाचं तसंच. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असा त्रिपदी क्रम. दहावीच्या कागदावर आडनाव आधी. कारखान्याच्या मस्टरवर मधल्या नावाचं नुसतं आद्याक्षर. लग्नानंतर बाईचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, आणि काही घरांत पहिलं नावही. एका बाईचे तीन कागद तीन काळांत काढलेले असतील, तर त्यांवर तीन वेगळी नावं असण्यात तिचा काही दोष नसतो. सुधारणेचा त्रास मात्र तिलाच होतो.

हे सगळं एका उदाहरणावर चालवून पाहता येईल. समजा, चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत काम केलेली एक बाई आहे. तिला सुनीता म्हणू. ती 2016 मध्ये लागली, 2020 मध्ये काम सुटलं. मूळ पगार 9 हजार. तिच्या वाट्याचे महिन्याला 1,080 रुपये आणि मालकाच्या वाट्यातून पीएफमध्ये येणारे सुमारे 330, अशी 4 वर्षांत 67 हजारांच्या आसपास मुद्दल जमली. काम सुटलं तरी व्याज थांबलं नाही, कारण निवृत्तीचं वय होईपर्यंत अशा खात्यावर व्याज जमा होत राहतं. 2025 मध्ये ती रक्कम लाखाच्या वर गेलेली असेल. पेन्शन योजनेतला भाग वेगळा. 10 वर्षांहून कमी सेवा असल्याने तो फॉर्म 10सी भरून काढता येतो.

तिच्या कागदांवर काय आहे? पीएफच्या नोंदीत सुनीता बबन जाधव, जन्म 1 जून 1994. पॅनवर तेच नाव आणि तीच तारीख. 2019 मध्ये लग्न झालं, नंतर आधार बदलून घेतलं, त्यावर सुनीता रमेश पवार. पण तारीख 1 जानेवारी 1995, कारण ती मुळातच तशी नोंदली गेली होती. बँक खातं लग्नानंतर आधारवर उघडलेलं, म्हणून तिथे पवार. गावच्या जन्म नोंदीत 17 ऑगस्ट 1994. आणि आधार यूएएनला जोडलेलं नाही, कारण जोडणीशिवाय मालकाला भरणाच करता येणार नाही हा नियम सप्टेंबर 2021 पासून कडक झाला, आणि तिचं काम त्याआधीच सुटलं होतं.

तिने आज अर्ज करायचा म्हटलं तर पहिल्याच पायरीला अडेल. आधार जोडताना नाव, लिंग आणि जन्मतारीख अशा तीन गोष्टी जुळाव्या लागतात. तिच्या या तिन्हींतल्या दोन जुळत नाहीत.

इथे क्रम महत्त्वाचा ठरतो. बहुतेक जण आधी पीएफची नोंद बदलायला धावतात, आणि ती बदलून झाल्यावर कळतं, की आधारवरचीच तारीख चुकलेली आहे. मग पुन्हा सगळं. म्हणून पहिला प्रश्न असा: सगळे कागद कोणत्या तारखेवर आणायचे? सुनीताने जन्माचा दाखला धरला, तर आधार, पॅन आणि पीएफ असे तीन कागद बदलावे लागतील. दहावीच्या प्रमाणपत्रावरची 1 जून धरली, तर एकट्या आधारमध्ये बदल करून भागतं. बोर्डाचं प्रमाणपत्र हा मान्य पुरावा आहे आणि तिच्या शिक्षणाच्या, कराच्या नोंदी त्याच तारखेवर उभ्या आहेत. निवड करताना हेही लक्षात ठेवायचं, की आधारवरची जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलून मिळते. नाव दोनदा बदलता येतं, आणि सुनीताची त्यातली एक संधी लग्नानंतर वापरून झाली आहे.

तर पहिलं काम आधार केंद्रावर: तारीख बदलून घेणं, आणि तिथेच सध्या वापरातला मोबाइल नंबर जोडलेला आहे का ते पाहणं. जुन्या सिमवर जाणारा ओटीपी पुढची प्रत्येक पायरी बंद करतो. दुसरं काम पॅनवरचं नाव जाधवचं पवार करणं आणि पॅन-आधार जोडणी तपासणं. त्यासाठी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र हाताशी हवं. लग्नाचा फोटो आणि पत्रिका घरात असते, नोंदणी केलेली नसते, हे अनेकींच्या याच टप्प्यावर लक्षात येतं. लग्नात पहिलं नावही बदललं असेल, तर मामला थोडा लांबतो. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो. गोव्यात नाव आणि आडनाव बदलण्यासाठी 1990 चा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे तिथल्या कामगाराने महाराष्ट्रातल्या नातेवाइकाचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये.

तिसरं काम पीएफच्या नोंदीचं. त्याला सगळे इंग्रजी नावानेच ओळखतात: जॉइंट डिक्लेरेशन. सदस्य आणि मालक यांनी मिळून केलेलं निवेदन, की अमुक नोंद चुकली होती, बरोबर ती ही. इथे सदस्यांचे तीन गट पडतात, आणि आपण कोणत्या गटात हे आधी पाहिलं तर खेटे वाचतात.

यूएएन 1 ऑक्टोबर 2017 नंतरचा असेल आणि आधारने पडताळलेला असेल, तर जानेवारी 2025 पासून नाव, जन्मतारीख, लिंग, आईवडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, जोडीदाराचं नाव, नोकरीला लागल्याची आणि सोडल्याची तारीख हे सगळं सदस्य स्वतः पोर्टलवर दुरुस्त करू शकतो. कागद जोडावे लागत नाहीत आणि मालकाची मंजुरीही लागत नाही. यूएएन त्याआधीचा पण आधारने पडताळलेला असेल, तर कागदपत्रांसह विनंती मालकाकडे जाते आणि बहुतेक बदल त्याच्याच पातळीवर मंजूर होतात. आधारच पडताळलेलं नसेल, तर मालकामार्फत प्रकरण पीएफ कार्यालयाकडे जातं. सुनीता या तिसऱ्या गटातली. पहिल्या गटाला सवलत का द्यावी लागली हेही सरकारने तेव्हा सांगितलं होतं: अशा विनंत्या पुढे पाठवायला मालकांना सरासरी 28 दिवस लागत होते.

सुनीताचा नावबदल स्पेलिंगपुरता नाही, मोठा आहे, म्हणून पुरावेही जास्त हवेत. ती जोडेल आधार, नवं पॅन आणि विवाह प्रमाणपत्र. तिन्हींवर पवार, आणि विवाह प्रमाणपत्रावर जाधव ते पवार हा दुवा. बऱ्याच विनंत्या नेमक्या या दुव्याअभावी परत येतात. नवं नाव असलेले चार कागद जोडलेले असतात, पण जुन्या नावाची बाई तीच, हे सांगणारा एकही नसतो.

ठेकेदाराने गाशा गुंडाळलेला असेल तर? औद्योगिक वसाहतींत हे नेहमीचंच. अशा वेळी निवेदनावर राजपत्रित अधिकारी, दंडाधिकारी, पोस्टमास्तर, सरकारी बँकेचा व्यवस्थापक अशा अधिकृत व्यक्तीची साक्षांकित सही चालते. सोबत नोकरीचा पुरावा लागतो: नेमणूकपत्र, पगाराची पावती, हजेरीपटाचा उतारा, अनुभवाचा दाखला. पगाराच्या पावत्या दहा वर्षं जपून ठेवणारा माणूस विरळा, पण खात्यात पगार जमा झाल्याच्या बँकेतल्या नोंदी बऱ्याचदा मदतीला येतात.

खातं आणि शेवटची तारीख

नाव आणि तारीख जुळली, आधार जोडलं गेलं, की पोर्टलवरच्या Manage या भागात KYC उघडून पॅन आणि बँक खातं भरायचं. पॅन आयकर खात्याच्या नोंदीशी ताडलं जातं, खातं बँकेशी. खातं सदस्याच्या स्वतःच्या नावाचं, चालू स्थितीतलं आणि आयएफएससी कोड असलेलं हवं. पतसंस्थेतलं खातं चालत नाही, ती कितीही विश्वासाची असली तरी.

खात्यात दोन सापळे आहेत. एक विलीनीकरणाचा. देना बँक आणि विजया बँक एप्रिल 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन, अलाहाबाद, ओरिएंटल या बँकाही एप्रिल 2020 मध्ये दुसऱ्या बँकांत विरल्या. 2021 मध्ये त्यांचे जुने आयएफएससी कोड बंद झाले. 2018 मध्ये देना बँकेचं खातं जोडून निश्चिंत झालेल्या कामगाराच्या पीएफ नोंदीत आजही तोच मृत कोड बसलेला असू शकतो. KYC मध्ये मंजुरीची हिरवी खूण दिसते, पण ती त्या दिवसाची असते. उपाय सोपा आहे: नवा कोड घालून खातं पुन्हा जोडायचं.

दुसरा सापळा छोट्या खात्याचा. पूर्ण कागदपत्रांशिवाय उघडलेल्या बचत खात्याला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातल्या आहेत: शिल्लक 50 हजारांच्या आत, वर्षभरातली जमा 1 लाखाच्या आत. अनेक जनधन खाती सुरुवातीला अशी उघडली गेली. सुनीताचं खातं तसं असेल, तर क्लेम मंजूर होऊनही रक्कम बँकेच्या दारातून परत जाईल. आधार आणि पॅन घेऊन शाखेत गेलं, की खातं पूर्ण केवायसीचं करून मिळतं, आणि हे अर्जाच्या आधी करायचं काम आहे.

राहिली नोकरी सोडल्याची तारीख. ही नोंदलेली नसेल, तर पीएफच्या दृष्टीने सदस्य अजून कामावरच आहे, आणि पूर्ण रक्कम मागण्याचा पर्यायच त्याला दिसत नाही. पूर्वी ही तारीख फक्त मालक टाकू शकत होता, आणि भांडून काम सोडलेल्याची तारीख मुद्दाम अडवून ठेवण्याचे प्रकार सर्रास होत. 2020 पासून सदस्याला स्वतः Manage मधल्या Mark Exit मधून ती टाकता येते. शेवटचा भरणा होऊन दोन महिने उलटलेले असावे लागतात, आणि ज्या महिन्यात शेवटचा भरणा झाला त्याच महिन्यातली तारीख घालता येते. एकदा घातलेली तारीख सहज बदलता येत नाही, म्हणून पासबुक समोर ठेवून ती घालावी.

अर्जाचा दिवस

एवढं झाल्यावर प्रत्यक्ष अर्ज दहा मिनिटांचा. Online Services मधून क्लेम उघडायचा, जोडलेल्या खात्याचा क्रमांक टाकून पडताळायचा, हमीपत्र मान्य करायचं, फॉर्म निवडायचा. सुनीताला दोन भरावे लागतील: पीएफसाठी 19, पेन्शनसाठी 10सी. नोकरीत असलेल्याला आजारपण, घर, लग्न, शिक्षण यासाठी 31. शेवटी आधारचा ओटीपी. कोणत्या कारणाला किती रक्कम मिळते, हा स्वतंत्र आणि सध्या हलता विषय आहे. केंद्रीय विश्वस्त मंडळाने 13 ऑक्टोबर 2025 च्या बैठकीत अंशतः पैसे काढण्याच्या 13 तरतुदी तीन गटांत एकत्र करण्याचा आणि पूर्ण रक्कम काढण्यासाठीची वाट पाहण्याची मुदत दोन महिन्यांवरून बारा करण्याचा निर्णय घेतला. ओळखीच्या कागदांची वर सांगितलेली साखळी त्याने बदलत नाही.

सुनीताची रक्कम लाखभर धरली, तर पॅन जोडलेलं असताना 10 हजार कापले जातील, नसताना 20 हजार. तिचं वार्षिक उत्पन्न कराच्या मर्यादेखाली असेल, तर अर्जासोबत तसं जाहीर करणारा फॉर्म जोडून तिला पूर्ण रक्कम मिळू शकते. तो न जोडता पैसे घेतले असतील, तर कापलेला कर विवरणपत्र भरून परत मागता येतो.

गावात आणि वसाहतींत या कामाचे एजंट आहेत. काही जण खरंच अर्ज भरून देण्याची मजुरी घेतात. काही रकमेतला टक्का मागतात. धोका टक्क्यापेक्षा एका बारीक गोष्टीत असतो: यूएएन सुरू करताना एजंट स्वतःचा मोबाइल नंबर आणि पासवर्ड घालतो. त्यानंतर खात्याबद्दलचे संदेश सदस्याकडे येतच नाहीत, आणि पुढच्या प्रत्येक कामाला त्याच्याकडेच जावं लागतं. संघटना अर्जासाठी कुठलंही शुल्क घेत नाही आणि फोनवर ओटीपी विचारत नाही. फुकट मदत हवी असेल तर दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’ या नावाने शिबिर भरतं. 27 ला सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. तिथे अधिकारी समोर बसलेला असतो आणि कोणता कागद कशाशी जुळत नाही, हे तो पडद्यावर पाहून सांगू शकतो. लेखी तक्रारीसाठी पोर्टलवर स्वतंत्र सोय आहे, फोनसाठी 14470.

अर्ज नाकारला गेला तरी तो पुन्हा करता येतो आणि पैसे कुठे जात नाहीत. मात्र तोच अर्ज तसाच परत पाठवण्यात अर्थ नसतो. नकाराच्या ओळीत सहसा एकच कारण दिलेलं असतं, आणि ते दूर केल्यावर त्यामागचं दुसरं पुढे येतं: नाव सुधारलं की तारीख, तारीख सुधारली की खातं. म्हणून पहिला नकार आल्यावर आधार, पॅन, पासबुक आणि पोर्टलवरचं प्रोफाइल असे चारही एकाशेजारी एक ठेवून नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, जन्मतारीख आणि लिंग हे चार रकाने अक्षर-अक्षर वाचून काढावेत. नोकरी अजून चालू असेल, तर हे वाचन आजच करण्याजोगं आहे, कारण मालकाची मंजुरी लागलीच, तर ती मस्टरवर नाव असताना ज्या वेगाने मिळते त्या वेगाने राजीनाम्यानंतर मिळत नाही.